सरदीचे बियाणे आणण्याआधी वायंगणाची तारीख ठरवा: खरीप-रब्बीचे वेळापत्रक पायरीपायरीने

वायंगणाचे, म्हणजे रब्बीचे, पीक बिघडले की शेतकरी नोव्हेंबर-डिसेंबरमधली कारणे शोधतो. पाणी कमी पडले, मावा आला, बी उगवले नाही. बहुतेक वेळा चूक जूनमध्येच झालेली असते. सरदीला, म्हणजे खरिपाला, उशिरा तयार होणारे भात लावले, त्याची कापणी नोव्हेंबरात गेली, तोवर जमिनीतली ओल उडाली आणि अळसांदे, म्हणजे गोव्याची चवळी, कोरड्या मातीत पडले. ज्या शेतात वर्षाला दोन पिके घ्यायची आहेत तिथे आधी रब्बी ठरवायची आणि तिथून उलट मोजत खरिपाचे बियाणे निवडायचे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणासाठी डिचोलीकडचे 4000 चौरस मीटरचे केर शेत धरू. जमीन रेताड-पोयट्याची, ना अगदी वर ना अगदी खोल, बांधाला एक विहीर. सरदीला भात, वायंगणाला 3000 चौरस मीटरवर अळसांदे आणि विहिरीजवळच्या 1000 चौरस मीटरवर मिरची. आकडे आपल्या शेताच्या मापाने बदलून घ्या.

## 1. जमीन कोणती, ते आधी नक्की करा

मरड ही वरची, उताराची जमीन. तिथे पाणी थांबत नाही, म्हणून पावसाळी भाजी तिथे होते. रब्बी तिथे फक्त हाताशी पाणी असेल तरच. केर मधली. तिथे भातानंतर काही आठवडे ओल टिकते, म्हणून दोन पिकांचे वेळापत्रक खऱ्या अर्थाने तिथेच बसते. खाजन खाडीकाठची. पावसाचे गोडे पाणी जमिनीतले मीठ खाली दाबून ठेवते, म्हणून सरदीला कोरगूटसारखे खारे पाणी सोसणारे भात तिथे येते. पाऊस सरला की मीठ पुन्हा वर येते.

सावधान: मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारे पाणी आत येणाऱ्या खाजनात शेजारच्या केर शेताचे बघून अळसांदे पेरू नका. उगवण झाली तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपू लागतात, आणि त्यावर कोणतेही खत चालत नाही.

## 2. पाणी डिसेंबरमध्ये दिसते ते नव्हे, एप्रिलमध्ये उरते ते मोजा

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्यामुळे सरदीला पाणी आणायचा प्रश्न नसतो, जास्तीचे बाहेर काढायचा असतो. वायंगणात उलट. पिकाला लागणारा प्रत्येक थेंब एकतर मातीत साठलेला असतो, नाहीतर विहिरीतून किंवा कालव्यातून आणावा लागतो.

हिशोब सोपा आहे. 1000 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1000 लिटर. अळसांद्याला पूर्ण हंगामात अंदाजे 300 मिलिमीटर लागते आणि त्यातला बराच भाग मातीतली ओल पुरवते. वायंगणी भाताला 1200 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त लागते आणि ते सगळे द्यावे लागते. सारख्याच शेतावर चौपट पाणी.

आता पंप तपासा. 200 लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. समजा 40 सेकंद लागले, तर पंप तासाला 18,000 लिटर देतो. आपल्या शेतावर 4000 चौरस मीटर वायंगणी भात घेतला आणि झिरपणीसकट रोज 10 मिलिमीटर धरले, तर दिवसाला 40,000 लिटर, म्हणजे सव्वादोन तास पंप. डिसेंबरमध्ये हे सहज जमते. एप्रिलमध्ये विहीर अर्ध्या तासात तळ दाखवत असेल तर भात नेमके दाणा भरताना सुकते.

अळसांद्याची एक पाळी 40 मिलिमीटरची धरली, तर 3000 चौरस मीटरना 1,20,000 लिटर लागतात. म्हणजे पावणेसात तास पंप, आणि तोही तीन-चार दिवसांत वाटून चालतो. म्हणून या शेतावर अळसांदे निवडले.

तपासणी: गेल्या एप्रिलमध्ये विहीर किती वेळ चालून थांबली आणि पुन्हा भरायला किती तास लागले? आठवत नसेल तर घरात विचारा, शेजाऱ्याला विचारा. साळावली, तिळारी किंवा अंजुणेच्या कालव्यावर शेत असेल तर पाणी कधी सुटणार आणि पाळी किती दिवसांनी येणार, हे ऑक्टोबरमध्येच विचारून घ्या. पेरणी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

## 3. बाजाराच्या दिवसापासून मागे मोजा

गोव्यात शेतमालाला दोन मोठ्या खिडक्या मिळतात. पहिली चतुर्थी, दुसरी पुरुमेंत.

चतुर्थी. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी आणि सणाच्या जेवणासाठी काकडी, भेंडी, दोडकी, पडवळ यांना मागणी असते. ही मरडावरची खरीप भाजी. इथे दरवर्षी होणारी चूक म्हणजे सगळे बी मृगाला टाकणे. मृग नक्षत्र जूनच्या 7-8 तारखेला लागते, पण चतुर्थीची तारीख हलत असते. 2025 मध्ये ती 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. अठरा दिवसांचा फरक. पावसात भेंडीचा पहिला तोडा साधारण 55 दिवसांनी येतो आणि भर आणखी दहाएक दिवसांनी. म्हणजे सणाआधी 65 दिवस. 2025 साठी ती पेरणी 23 जूनच्या आसपास येते, 2026 साठी 11 जुलैच्या. मृगाला पेरलेली भेंडी 2026 च्या चतुर्थीला निबर होऊन बसलेली असेल. एकदम सगळे बी न टाकता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन पेरण्या केल्या तर पावसाच्या झडीने एक गेली तरी दुसरी राहते.

पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मे मध्ये होते. सुकी मिरची, कांदा, अळसांदे, इतर कडधान्ये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तेव्हा जी गर्दी असते ती या मालासाठी. म्हणजे वायंगणाचा माल एप्रिलच्या मध्यापर्यंत सुकून, निवडून तयार हवा. मिरचीला तोडणीपासून सुकण्यापर्यंत वेळ लागतो, म्हणून तिची तारीख सगळ्यात घट्ट. ऑक्टोबरच्या मध्यावर वाफ्यात बी, नोव्हेंबरच्या शेवटी लावणी, फेब्रुवारीपासून तोडे. जानेवारीत लावलेली मिरची पिकते, पण सुकायच्या वेळेला मेचे ढग येतात आणि लाल मिरचीवर पांढरे डाग पडतात.

मिरचीच्या बियाण्यातही गफलत होते. काणकोणची खोला मिरची डोंगरउतारावर पावसावर घेतात, पेडण्याकडची हरमल मिरची भातानंतर वायंगणात. एकीचे बी दुसरीच्या हंगामात टाकून बघू नका.

भाताला असा सणाचा दिवस नाही. ते साठवता येते, आधारभूत दराने विकता येते, उकडून घरी ठेवता येते. म्हणून दोन पिकांच्या शेतात तारखेची तडजोड करायची ती भाताने, वायंगणाने नव्हे.

तपासणी: आधारभूत दर आणि बियाण्यावरील सवलती यांसाठी कृषी कार्ड चालू आहे ना, आणि त्यावर हेच शेत नोंदलेले आहे ना, हे मे महिन्यात विभागीय कृषी कार्यालयात बघून घ्या.

## 4. आता सरदीचे वाण निवडा

आपल्याला अळसांदे 15 नोव्हेंबरच्या आत पेरायचे आहेत. त्याआधी कापणी, मळणी, पेंढा उचलणे, मशागत. यासाठी तीन-चार आठवडे तरी हवेत, कारण मजूर किंवा कापणीचे यंत्र आपल्या तारखेला मिळतेच असे नाही. म्हणजे भात 10 ते 20 ऑक्टोबरमध्ये कापायला हवे.

ज्योती साधारण 120 दिवसांत येते. 12 जूनला बी टाकले तर 10 ऑक्टोबर. जया 135 दिवस घेते. तिचे बी 25 जूनला पडले तर कापणी 7 नोव्हेंबरला येते आणि अळसांद्याचे गणित तिथेच संपते. जया वाईट नाही. एकच पीक घ्यायच्या खोल शेतात ती चांगली. पण केर शेतात दुसरे पीक हवे असेल तर ज्योती किंवा कर्जत-3 सारखे लवकर येणारे भात घ्या.

उलट टोकाची घाईही नडते. मेच्या शेवटी धूळवाफेवर बी टाकून लवकर येणारे भात सप्टेंबरच्या अखेरीस तयार झाले, तर ते हस्ताच्या पावसात सापडते. उभे भात आडवे होते आणि लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. गोव्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या मध्याला माघारी जातो. त्याच्या जरा आसपास भात पिवळे पडावे, एवढाच नेम साधायचा.

## 5. तरव्यापासून कापणीपर्यंत: वायंगणावर परिणाम करणारी कामे

4000 चौरस मीटर लावणीसाठी 400 चौरस मीटरचा तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, आणि 16 ते 20 किलो बी पुरते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात सोडा, वर तरंगेल ते काढून टाका, खालचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत सुकवा. पोचट बी गेले की तरवा एकसारखा वाढतो आणि पुढे शेत एकदम पिकते. भाग-भाग पिकलेले शेत कापायला आठवडा जास्त जातो, आणि तो आठवडा आपल्याकडे नाही.

तरवा 21 ते 25 दिवसांचा असताना लावणी करा. पाऊस लांबला म्हणून 40 दिवसांचा तरवा लावला तर फुटवे कमी येतात. तशी वेळ आली तर एका चुडात रोपे थोडी वाढवा आणि अंतर कमी करा. एरवी 20 बाय 15 सेंटिमीटरवर दोन-तीन रोपे बस्स.

शेवटचे काम पाण्याचे, आणि तेच सर्वात जास्त विसरले जाते. कापणीच्या दहाएक दिवस आधी बांधाला तोंड पाडून पाणी सोडून द्या. पाणी तसेच राहिले तर यंत्र चिखलात रुतते, चाकांच्या खोल चऱ्या पडतात आणि सुकल्यावर त्या दगडासारख्या घट्ट होतात. अळसांद्याचे मूळ त्यातून जात नाही.

सावधान: बांधाचे तोंड पाडल्यावर पुन्हा पाऊस आला तर ते बुजले नाही ना, हे पावसानंतर लगेच बघा. चित्राच्या एका सरीत शेत पुन्हा भरते.

## 6. वाफसा पकडणे

माती ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी असते तो वाफसा. वायंगणाचे सगळे यश त्या चार-सहा दिवसांत असते.

भात कापल्यावर पेंढा दोन दिवसांत उचला. मग रोज सकाळी शेताच्या मधोमध जाऊन चार बोटे खोल माती उकरा आणि मुठीत दाबून गोळा करा. बोटांच्या फटींतून पाणी किंवा चिखल आला तर थांबा. गोळा झाला, तो कमरेएवढ्या उंचीवरून टाकला आणि तीन-चार तुकड्यांत फुटला तर त्याच दिवशी टिलर घाला. गोळा होतच नसेल, माती हातातून सुटत असेल, तर वाफसा गेला. मग कोरड्यात बी न टाकता आधी एक हलके पाणी द्या, दोन-चार दिवस थांबा आणि पुन्हा गोळ्याची परीक्षा घ्या.

बांधाजवळची माती तपासून निर्णय घेऊ नका. तिथे सावली असते, शेजारच्या कुणग्यातले पाणी झिरपते, आणि ती नेहमी मधल्यापेक्षा ओली वाटते.

मशागत उथळ ठेवा. खोल नांगरले की खालची ओल वर येऊन एका उन्हात उडते. टिलरची एक आडवी, एक उभी पाळी, आणि लगेच फळी फिरवून वरची माती बसवा. सकाळी मशागत आणि पेरणी दोन दिवसांनी, असे करू नका. दोन्ही एकाच दिवशी झाली पाहिजेत, म्हणून बी आणि माणसे तयार असतील तेव्हाच टिलर बोलवा.

## 7. अळसांदे: पेरणी ते तोडणी

3000 चौरस मीटरना सुमारे 6 किलो बी लागते. शेंगा फोडल्यावर जे स्वच्छ, एकसारखे, भोक नसलेले दाणे निघतात तेच बियाण्याला ठेवा. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम जिवाणू खत चोळून सावलीत अर्धा तास सुकवा. ज्या शेतात पावसाळाभर पाणी साचून होते तिथे याचा फरक दिसतो.

ओळींत 45 आणि रोपांत 15 सेंटिमीटर ठेवा, बी 3 ते 4 सेंटिमीटर खोल. पेरताना या क्षेत्राला सुमारे 90 किलो सिंगल सुपर फॉस्फेट ओळीत द्या, माती परीक्षणाचा अहवाल असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. युरिया थोडाच, आणि फक्त पेरतेवेळी. भाताची सवय असलेला हात अळसांद्यालाही युरिया फेकतो. मग वेल हिरवेगार माजतात, बघायला छान दिसतात आणि शेंग धरत नाहीत.

पाण्याचेही तसेच. वाफशावर पेरले असेल तर पहिले पाणी तीन आठवड्यांनंतर, तेही दुपारी पाने मलूल दिसून संध्याकाळी सावरत नसतील तरच. पण फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना, म्हणजे साधारण 45 व्या आणि 65 व्या दिवसाच्या आसपास, पाणी चुकवू नका. फूल गळून ओळीत पडलेले दिसू लागले म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झाला आहे.

जानेवारीत आभाळ आले की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. आठवड्यातून दोनदा शेंडे उलटून बघा. सुरुवातीला दोन-चार वेलांवरच असतो. तेवढे शेंडे खुडून पुरले आणि कडुनिंबाचा अर्क फवारला तर बहुतेकदा थांबतो. मावा दिसतो तिथे ठिपक्यांचे लाल किडे फिरत असतील तर एक-दोन दिवस वाट बघा, ते मावा खातात.

15 नोव्हेंबरला पेरलेले शेत फेब्रुवारीच्या मध्याला तोडणीला येते. सगळ्या शेंगा एकदम सुकत नाहीत, म्हणून दोन-तीन तोडे करा आणि सकाळी दव असताना तोडा, उन्हात तोडल्या तर शेंगा हातातच फुटतात.

सावधान: कापणी झाली की गावात गुरे मोकळी सुटतात. अख्ख्या वाड्यात तुमचेच एक शेत हिरवे असेल तर ते राखता येणार नाही. ऑक्टोबरमध्येच शेजारच्या शेतकऱ्यांशी बोला, एकमेकांना लागून पेरा आणि कुंपणाचा खर्च वाटून घ्या. शेजारी तयार नसतील तर 3000 ऐवजी कुंपणात मावेल एवढेच पेरा.

## 8. पाणी भरपूर असेल आणि वायंगणी भातच घ्यायचे असेल तर

बारमाही कालवा किंवा झरा असेल तर हेही चालते, पण तारखा सरदीसारख्या धरू नका. थंडीत तरवा हळू वाढतो आणि तेच भात दहाएक दिवस जास्त घेते. 1 डिसेंबरला तरवा टाकला तर कापणी 10 एप्रिलच्या सुमारास. 10 जानेवारीला टाकला तर ती मेच्या मध्यावर जाते, आणि वळिवाचा एक पाऊस पेंढा आणि दाणा दोन्ही घालवतो. डिसेंबरची पहिली दहा दिवसांची मुदत चुकली तर त्या वर्षी भाताचा नाद सोडून तांबडी भाजी, मुळा यांसारखे महिना-दीड महिन्यात निघणारे पीक घ्या.

## 9. पुरुमेंतापर्यंत माल टिकवणे

फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांचे अळसांदे एकदम बाजारात येतात आणि दर तेव्हाच पडतो. एप्रिल-मेपर्यंत थांबायचे तर भुंगा थांबवावा लागतो. भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच शेंगेवर येतात, म्हणून घर कितीही स्वच्छ असले तरी तो निघतो.

दाणे तीन-चार कडक उन्हे द्या. दाताखाली दाणा चावून बघा, कट्‌कन फुटला तर सुकला, दबला तर अजून एक ऊन. सुकलेले दाणे पूर्ण थंड झाल्यावर किलोला 5 मिलिलिटर खोबरेल तेल चोळा आणि हवाबंद डब्यात किंवा पिंपात भरा. गरम दाणे भरले की आत वाफ धरते आणि बुरशी येते. दर पंधरा दिवसांनी मूठभर दाणे काढून बघा. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे अंडी. ते दिसले की आणखी थांबू नका, माल पुन्हा उन्हात घाला आणि त्या आठवड्यातच विका.

पुढच्या वर्षीचे 6 किलो बी मात्र विकायला काढण्याआधीच वेगळे ठेवा. ते राखेत घोळून भरा आणि डब्यावर पेरणीची व तोडणीची तारीख लिहून चिकटवा. मेमध्ये सरदीचे भात निवडायला बसाल तेव्हा मोजणी त्याच तारखांपासून सुरू करायची आहे.